एक लाख सबस्क्रायबर : आभाराच्या व्हिडिओचे टिपण, आणि त्यातला ‘मी’

अस्तर_आणि_काठ

ब्लाऊज शिवायला शिकवणारे माझे यूट्यूब चॅनेल आहे. आज आकडा ९८,७०० वर आहे आणि सध्याच्या गतीने आठ-दहा दिवसांत एक लाख होतील. त्या दिवशी आभाराचा छोटा व्हिडिओ टाकायचा आहे. बाहीचे कटिंग समजावताना मला कधी शब्द शोधावे लागत नाहीत, पण हे टिपण चार वेळा लिहून चार वेळा खोडले. घरी वाचून दाखवले तेव्हा बहीण म्हणाली, “हे आभार आहेत की सत्कार?” मला ते लागले, कारण तिचे खरे होते. कच्चा मसुदा जसाच्या तसा देते. नेमके कुठे बिघडते आहे ते कृपया सांगावे.

> नमस्कार मित्रमैत्रिणींनो! आज माझ्यासाठी खूप अभिमानाचा दिवस आहे. आपलं चॅनेल एक लाखाचं झालं! चार वर्षांपूर्वी एका जुन्या मशीनवर आणि एका मोबाइलवर सुरू झालेला हा प्रवास इथवर पोहोचेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. लोक हसले, पण मी थांबले नाही. रात्र रात्र जागून मी व्हिडिओ केले. हे सगळं फक्त तुमच्यामुळे शक्य झालं. तुम्ही नसता तर मी शून्य आहे. तुम्ही माझं कुटुंब आहात. असंच प्रेम राहू द्या!

नांगरट

ताई, आधी अभिनंदन. माझे शेतीचे चॅनेल गेल्या वर्षी एक लाखावर गेले, म्हणून अनुभवाने सांगतो. घाई करू नका. एक लाख झाले की यूट्यूब चंदेरी बटण घरी पाठवते. ते येऊ द्या, हातात धरा आणि मग व्हिडिओ करा. हातात वस्तू असली की फार बोलावे लागत नाही, त्यामुळे बढाईचा प्रश्नच उरत नाही. दुसरे म्हणजे व्हिडिओ साठ सेकंदांच्या आत बसवा, म्हणजे तो शॉर्टमध्ये जाईल.

फोडणीवाली

नांगरटदादा, बटण आपोआप घरी येत नाही. आकडा पार झाल्यावर ते चॅनेल तपासतात, मग यूट्यूब स्टुडिओत सूचना आणि कोड येतो, तो वापरून पत्ता भरावा लागतो आणि त्यानंतर पार्सल निघते. माझ्या बाबतीत त्यात बरेच आठवडे गेले. तोवर आभाराची वेळ निघून गेली होती. शिवाय शॉर्टची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांची झाली आहे, त्यामुळे साठ सेकंदांत कोंबण्याचे कारण नाही.

माझी चूक मात्र वेगळीच होती, ती सांगून ठेवते. मी सुरुवातीपासूनच्या दहा प्रेक्षकांची नावे घेऊन आभार मानले. त्या दहा जणी खूश झाल्या. खाली मात्र “आम्ही पण पहिल्या व्हिडिओपासून आहोत, ताईंना आम्ही दिसलो नाही” अशा प्रतिक्रिया सुरू झाल्या, त्या पुढचे दोन महिने थांबल्या नाहीत. एक नियमित लिहिणारी तर तेव्हापासून दिसलीच नाही. त्यामुळे मी म्हणेन की कोणाचेही नाव घेऊ नका.

जुना_निवेदक

मी आकाशवाणीवर निवेदक होतो. आयुष्यभर इतरांच्या आभारांची टिपणे वाचली आणि त्यातली निम्मी वाचण्यापूर्वी दुरुस्त केली. आपला मसुदा पेन्सिल घेऊन वाचला आणि प्रत्येक क्रियापदाखाली ते काम कोणी केले ते लिहिले. आपणही तसे करून पाहा.

‘मी’ आणि त्याची रूपे सहा वेळा येतात. ही संख्या वाईट नाही, आणि नवशिके लोक नेमके तेवढेच मोजून थांबतात. खरी गोष्ट दुसऱ्या बाजूला आहे. प्रेक्षकांनी या मजकुरात काय केले? एकही गोष्ट नाही. आपण थांबला नाहीत, आपण जागलात, आपण व्हिडिओ केलेत. हसणारे लोकसुद्धा हसण्याचे काम करतात. प्रेक्षक मात्र ‘तुमच्यामुळे’ या कारणात आहेत, ‘तुम्ही नसता’ या कल्पनेत आहेत, ‘कुटुंब आहात’ या नात्यात आहेत. त्यांच्या वाट्याला कृती अशी आलेलीच नाही. आपल्या बहिणीला जो सत्कार ऐकू आला तो ‘अभिमान’ या शब्दामुळे आला नाही, तर सभागृहात सगळे बसलेले आणि मंचावर एकच माणूस हलतो आहे यामुळे आला.

आता ‘तुम्ही नसता तर मी शून्य आहे’. व्याकरणाने ते ‘तुम्ही नसतात तर मी शून्य असते’ असे हवे, पण ते दुरुस्त करण्यापेक्षा वाक्यच काढावे असे माझे मत आहे. स्वतःला शून्य म्हणवणारा माणूस समोरच्याकडून “नाही हो, असे कसे” या उत्तराची अपेक्षा करत असतो. ऐकणाऱ्याला आपली समजूत काढायला लावणे हेही स्वतःकडेच लक्ष वेधणे झाले.

तेव्हा मसुदा बाजूला ठेवा आणि मला एवढेच सांगा, की या चार वर्षांत आपल्या शिकवण्यात कोणती गोष्ट प्रेक्षकांपैकी कोणीतरी बदलली? ‘प्रेम दिले’ किंवा ‘साथ दिली’ असे उत्तर नको. कोणी काय लिहिले, आणि त्यानंतर आपण कात्री वेगळी कुठे चालवली, एवढे सांगा.

चिमटा

मला वाटते ताईंनी सबस्क्रायबर वाढवण्यासाठी शीर्षकात ‘भावनिक क्षण’ असे लिहावे आणि थंबनेलवर डोळे पुसतानाचा फोटो टाकावा. माझ्या भाच्याने तसे केले आणि भरपूर व्ह्यूज आले.

अस्तर_आणि_काठ

चिमटा, मला सबस्क्रायबर कसे वाढवायचे ते विचारायचे नाही, आभार कसे मानायचे ते विचारायचे आहे.

निवेदककाका, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री जुन्या प्रतिक्रिया काढून बसले. पहिलीच गोष्ट जी आठवली ती माझ्या चुकीची आहे. २०२२ मध्ये मी अस्तराच्या ब्लाऊजचा व्हिडिओ टाकला होता. त्यात दुकानातून आणलेले सुती अस्तर तसेच टेबलावर पसरून सरळ कापले होते. माझ्याकडे येणारे अस्तर आधीच भिजवून वाळवलेले असायचे, ते काम आई करून ठेवायची, त्यामुळे ते सांगायला हवे हे माझ्या ध्यानातच आले नाही. महिन्याभराने एका बाईंनी लिहिले, “ताई, तुमच्या मापाने शिवला, अंगात छान बसला, पण पहिल्या धुण्यात अस्तर आटले आणि वरच्या कापडाला चुण्या पडल्या. अस्तर आधी भिजवायचे असते का?” त्याखाली आणखी अकरा जणींनी “माझेही तसेच झाले” असे लिहिले. म्हणजे माझ्यामुळे किमान बारा ब्लाऊज वाया गेले. त्यानंतर मी वेगळा व्हिडिओ केला, अस्तर रात्रभर पाण्यात ठेवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मग कापायला घेतले, आणि तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओची सुरुवात ‘अस्तर आधी भिजवा’ याच वाक्याने होते. तो व्हिडिओ आज माझ्या चॅनेलवर सर्वाधिक पाहिला जातो.

दुसरी गोष्ट लहान आहे. मापांचा तक्ता मी पडद्यावर चार सेकंद ठेवायचे. एका आजींनी लिहिले की त्यांना चष्मा घालून वहीत उतरवेपर्यंत तक्ता निघून जातो, आणि व्हिडिओ थांबवायचा कसा ते त्यांना जमत नाही. आता तक्ता वीस सेकंद असतो आणि मी मापे दोनदा वाचते.

जुना_निवेदक

आपले टिपण आपण आत्ताच लिहिलेत, फक्त ते टिपण आहे हे आपल्या लक्षात आले नाही.

अस्तराची गोष्ट पहिल्या वाक्यापासून सांगा. ‘नमस्कार’ झाल्यावर लगेच ती यावी आणि आकडा त्यानंतर यावा. आपली चूक सांगितल्यावर आलेला एक लाखाचा आकडा बढाई वाटत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या मनात तेव्हा बारा वाया गेलेले ब्लाऊज असतात. क्रम उलटा केला, म्हणजे आधी लाख आणि मग चूक, तर तीच चूक विनयाचे प्रदर्शन वाटेल.

मराठीची एक सोय इथे वापरून घ्या. ‘मी व्हिडिओ केला’ यातला ‘मी’ गाळला तरी वाक्य उभे राहते, आणि ‘तुम्ही दाखवलीत’, ‘तुम्ही विचारलंत’ यांतला ‘तुम्ही’ गाळला तरी शेवटचा ‘त’ समोरच्या माणसाकडे बोट दाखवतोच. म्हणून ‘मी’ जिथे निघेल तिथे काढा आणि ‘त’ मात्र स्पष्ट उच्चारा. हल्ली पुष्कळ जण ‘तुम्ही सांगितलं’ असे म्हणतात. ते चूक नाही, पण ‘सांगितलंत’ मध्ये जे थेट बोलणे आहे ते त्यात नाही.

आणखी एक शब्द तपासावा असा आहे, तो ‘आपलं’. ‘आपलं चॅनेल’, ‘आपण एक लाख झालो’ असे सगळेच म्हणतात. आपण म्हणजे तुम्ही आणि मी. ज्या ठिकाणी दोघांनी मिळून काही केले तिथे ‘आपण’ शोभतो, उदाहरणार्थ ‘आपण अस्तराचा व्हिडिओ पुन्हा केला’. पण चॅनेलची कमाई आपल्या खात्यात येते, तेव्हा मालकीच्या जागी ‘आपलं’ म्हणणे मला जरा गुळचट वाटते.

फोडणीवाली

काका, ‘आपलं’वर मी सहमत नाही. आमच्याकडे बाई दुकानात गेली तरी “आपल्याकडे हिंग कुठला आहे?” असे दुकानदाराला विचारते. त्यात मालकी कोणी ऐकत नाही, आदर ऐकतात. माझ्या प्रेक्षक स्वतःच ‘आपलं चॅनेल’ लिहितात. तो शब्द त्यांचा आहे आणि मी तो काढून टाकला तर मीच दूर गेल्यासारखे होईल.

जुना_निवेदक

प्रेक्षक म्हणतात तेव्हा तो त्यांनी दिलेला शब्द असतो, आणि आपण म्हणतो तेव्हा आपण तो घेतलेला असतो. पण आपल्या हिंगाच्या उदाहरणापुढे माझे म्हणणे थोडे लंगडे पडते हे मान्य करतो.

नांगरट

बटणाबद्दल मी चुकलो, माझे बटण मुलाने मागवले होते, मला फक्त पार्सल दिसले. पण माझा एक अनुभव उपयोगी पडेल. माझ्या आभाराच्या व्हिडिओचा आलेख पाहिला तर पहिल्या अर्ध्या मिनिटात निम्म्याहून जास्त लोक निघून गेले होते. मी ते अर्धे मिनिट ‘नमस्कार, आज मोठी बातमी’ यातच घालवले होते. कांद्याच्या चाळीबद्दल एका शेतकऱ्याने दिलेली सूचना मी शेवटी सांगितली, ती ऐकायला कोणी उरलेच नव्हते. काका म्हणतात तसे गोष्ट आधी सांगितली असती तर बरे झाले असते.

अजून एक. स्टुडिओत पाहा, तुमचे व्हिडिओ पाहणाऱ्यांत सबस्क्राइब न केलेले किती आहेत. माझ्याकडे तेच जास्त आहेत. एक लाख सबस्क्रायबरांचे आभार मानताना मी त्यांना वगळले होते.

अस्तर_आणि_काठ

आत्ताच पाहिले. माझ्याकडेही तसेच आहे, आणि गंमत म्हणजे अस्तराचा प्रश्न विचारणाऱ्या बाई सबस्क्रायबर आहेत की नाहीत हे मला माहीतच नाही. म्हणजे ‘सबस्क्रायबर’ऐवजी ‘बघणाऱ्या सगळ्या जणी’ म्हणायला हवे. काही पुरुष शिंपीही पाहतात, तर ‘सगळे जण’.

आता नावाचा प्रश्न. प्रतिक्रिया सर्वांना दिसते अशीच लिहिलेली आहे, मग तिचा फोटो काढून व्हिडिओत दाखवला तर चालेल ना? आणि एक नाजूक गोष्ट आहे. एका बाईंनी मला ईमेल करून विचारले होते की स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर आत गादी ठेवता येईल असा खिसा ब्लाऊजच्या अस्तराला कसा लावावा. त्यावर मी व्हिडिओ केला, पण कोणी विचारले ते सांगितले नाही. माझ्या चार वर्षांतले सगळ्यात उपयोगी काम तेच आहे असे मला वाटते, आणि आभारात ते यावे असे फार वाटते.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि तुमचे व्हिडिओ पाहणाऱ्यांतली एक आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. प्रतिक्रिया सर्वांसमोर असली तरी ती तुमच्या व्हिडिओखाली लिहिलेली आहे. ती मोठी करून, नाव आणि फोटोसकट एक लाख लोकांपुढे धरणे ही वेगळी गोष्ट आहे. अस्तराच्या बाबतीत मजकूर वाचून दाखवा, नाव झाका आणि त्याच प्रतिक्रियेखाली उत्तर लिहून त्या बाईंना कळवा. फोडणीवालींची अडचणही त्याने सुटते, कारण नाव घेतलेच नाही तर नाव राहिले असे कोणी म्हणणार नाही.

ईमेलची गोष्ट मात्र विचारल्याशिवाय अजिबात सांगू नका. नाव न घेता सांगितले तरी “एका ताईंनी, शस्त्रक्रियेनंतर, अमुक जिल्ह्यातून” एवढ्यावर माणूस ओळखता येतो. वॉर्डात मी पाहिले आहे की बायका हे घरातल्या सुनेलाही सांगत नाहीत. तुमच्या डोळ्यांत पाणी आले तर तो तुमचा क्षण होईल आणि आजार त्यांचा असेल.

अस्तर_आणि_काठ

हे वाचून मी थांबले. त्यांना ईमेल केली आहे. उत्तर आले नाही तर तो भाग येणार नाही. त्याशिवायचा नवा मसुदा देते. सावकाश वाचून घड्याळ लावले तर एक मिनिटाच्या जरा वर जातो.

> नमस्कार. २०२२ मध्ये या चॅनेलवर अस्तराचा एक ब्लाऊज शिवून दाखवला होता. अस्तर न भिजवता कापलं होतं. महिन्याभराने खाली एक प्रश्न आला : “पहिल्या धुण्यात अस्तर आटलं. आधी भिजवायचं असतं का?” त्याखाली अजून अकरा जणींनी लिहिलंत, की तुमचंही तसंच झालं. हो, भिजवायचं असतं. ते सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून तो व्हिडिओ पुन्हा झाला, आणि आज सगळ्यात जास्त तोच पाहिला जातो.
>
> मापांचा तक्ता पूर्वी चार सेकंद दिसायचा. एका आजींनी लिहिलं, चष्मा लावेपर्यंत जातो. आता वीस सेकंद असतो. आजी, अजूनही कमी पडत असेल तर सांगा.
>
> या आठवड्यात इथे एक लाख जण झाले. बरेच जण सबस्क्राइब न करता बघता, शिवता, आणि चुकलं तर कळवता. तुमचेही आभार. त्या पहिल्या बारा ब्लाऊजचं कापड काही परत येणार नाही. त्या व्हिडिओच्या वर्णनात आता पहिलीच ओळ आहे : अस्तर आधी भिजवा. ती ओळ तुमची आहे.
>
> पुढच्या गुरुवारी कटोरी ब्लाऊज.

जुना_निवेदक

‘मी’ एकदाही नाही, आणि ‘माझ्याकडून’ एकदाच आहे, तेही चुकीच्या जागी, म्हणजे योग्य जागी. दोनच सूचना करतो. ‘लिहिलंत’ आणि ‘विचारलंत’ म्हणताना कॅमेऱ्याकडे पाहा, कागदाकडे नको. आणि मागे संगीत लावू नका. अस्तर आटल्याचे वाक्य सनईवर फार विचित्र ऐकू येईल.

फोडणीवाली

‘या आठवड्यात’ हे शहाणपणाचे आहे. आकडा एक लाखावर गेला की यूट्यूब बनावट आणि बंद पडलेली खाती काढते तेव्हा तो पुन्हा खाली येऊ शकतो. मी “आत्ता या क्षणी एक लाख” म्हणून व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्या दिवशी आकडा ९९ हजारांत होता. दोन दिवस लोक मजा करत होते.

‘आजी’ हा उल्लेख मात्र ठेवावा की नाही? नाव नाही, पण त्या आजींना कळेलच, आणि ज्यांनी दुसऱ्या सूचना केल्या असतील त्यांना पुन्हा वाटेल की आपण राहिलो.

रात्रपाळी

आजींना कळावे यासाठीच ते वाक्य आहे ना? मला ते ठेवावेसे वाटते.

नांगरट

मलाही. पण शेवटी ‘लाइक करा’ कुठे आहे?

अस्तर_आणि_काठ

नांगरटदादा, ते मुद्दाम नाही ठेवले. आभार मानून लगेच मागायचे म्हणजे अहेर देऊन पाकीट परत मागण्यासारखे वाटले.

फोडणीवालींच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडले नाही. एकींनी बॉबिनबद्दल सूचना केली होती, तिचे एक वाक्य लिहून पाहिले, मग साखळी वाढत गेली आणि ती यादीच झाली, म्हणून काढले.

अस्तर_आणि_काठ

काल ईमेलचे उत्तर आले. त्यांनी परवानगी देऊन मजकूर जसाच्या तसा इथे लिहायला सांगितला आहे, तो असा : “खिशाचं सांगा, माझं सांगू नका. आणि त्या व्हिडिओत खिशाचं तोंड वरून ठेवलं आहे, वाकल्यावर गादी वर सरकते. मी माझ्या ब्लाऊजला ते बाजूच्या शिवणीकडून ठेवलं, आता हलत नाही. ते दुरुस्त करून दाखवा, आभार राहू देत.”

आकडा आज सकाळी ९९,६०० आहे. कटोरी ब्लाऊज एक गुरुवार पुढे ढकलला आहे, मसुद्याचे शेवटचे वाक्यही बदलले आहे : “पुढच्या गुरुवारी, अस्तराच्या आतला खिसा, पुन्हा एकदा.”